चार आठवडे टिकणारा अभ्यासगटाचा मेसेज: गट-ब पूर्व परीक्षेसाठी वेळापत्रक, विषय, सराव चाचणी आणि हजेरी

नाशिकमध्ये अशोक स्तंभापासून गंगापूर रोडपर्यंतच्या अभ्यासिकांमधून दर महिन्याला नवे गट बनतात. पहिल्या आठवड्यात सगळे येतात, तिसऱ्या आठवड्यात ग्रुपवर फक्त चालू घडामोडींच्या पीडीएफ पडत राहतात. बऱ्याचदा याचं मूळ पहिल्याच मेसेजमध्ये असतं. ‘रोज संध्याकाळी बसू, पॉलिटी आणि इतिहास घेऊ, रविवारी टेस्ट, सगळ्यांनी नियमित या’ असं लिहिलं की कोण कुठे किती वाजता बसणार, पॉलिटीतलं नेमकं काय घेणार आणि न आल्यास पुढे काय, यातलं काहीच ठरत नाही. जे ठरलेलंच नाही ते मोडलं तरी कुणी बोलू शकत नाही.

हा लेख त्या एका मेसेजबद्दल आहे. उदाहरण म्हणून आठ जणांचा गट घेतला आहे, परीक्षा आहे एमपीएससीची महाराष्ट्र अराजपत्रित गट-ब संयुक्त पूर्व परीक्षा. आठांपैकी चौघे पूर्णवेळ अभ्यास करतात, दोघी खासगी नोकरी सांभाळतात, एक जण सातपूर एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो आणि एक जण दिंडोरीहून एसटीने येतो. आठ हा आकडा बरा पडतो. दोघे-तिघे गैरहजर राहिले तरी पाच जण उरतात आणि चर्चा होते. बारा-पंधरा जण झाले की दोघे बोलतात, बाकीचे ऐकतात.

आधी रविवार ठरवा, मग बाकीचे वार

वेळापत्रक सोमवारपासून लिहायला घेऊ नका. आठवड्याचा खुंटा सराव चाचणी आहे, म्हणून तिची वेळ आधी पक्की करा. गट-ब पूर्व परीक्षेत 100 प्रश्न, 100 गुण आणि फक्त एक तास असतो. म्हणजे प्रश्नामागे 36 सेकंद, आणि त्यातच उत्तरपत्रिकेवरचा गोळा रंगवायचा. हा वेग घरी पलंगावर बसून, मध्ये पाणी प्यायला उठून अंगी लागत नाही. चाचणी सगळ्यांनी एका खोलीत, एकाच वेळी, छापील उत्तरपत्रिकेवर काळ्या बॉलपेनने द्यायची. वेळ सकाळी 11 ते 12 ठेवा, आणि परीक्षेचं प्रवेशपत्र आल्यावर त्यावरच्या वेळेप्रमाणे बदला.

रविवारची बैठक साडेदहा ते दोन लिहा. बहुतेक गट इथेच कमी पडतात: चाचणी होते, उत्तरं तपासली जातात, गुण ग्रुपवर पडतात आणि सगळे घरी जातात. तासाभराच्या पेपरला पावणेदोन तासांचं विश्लेषण लागतं. ती वेळ मेसेजमध्ये लिहिलेली नसेल, तर बारा वाजता कुणाला सिडकोला जायचं असतं आणि कुणाला जेवायला.

मग मधले वार. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी 7 ते 8:30. रोज बसायचं ठरवलं तर नोकरीवाले पहिल्याच आठवड्यात मागे पडतात आणि पूर्णवेळवाल्यांचं स्वतःचं वाचनही होत नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार मोकळे ठेवा, कारण बैठकीत फक्त तपासणी आणि चर्चा होते, वाचन एकट्यानेच करावं लागतं. साडेआठची वेळ मी मुद्दाम सुचवतो. शेवटची बस, हॉस्टेलचं गेट, घरी वाट पाहणारे आई-वडील, हे सगळं मुलींच्या बाबतीत जास्त कडक असतं. ‘नऊ-साडेनऊपर्यंत बसू’ असं ठरवणारा गट हळूहळू मुलींना बाहेर ढकलतो, कुणाच्या मनात तसं नसलं तरी.

जागेचं एक लक्षात ठेवा: अभ्यासिकेच्या हॉलमध्ये बोलायला मनाई असते. चर्चेसाठी वेगळी खोली लागते. कुणाच्या घराची गच्चीवरची खोली, सोसायटीचं किंवा मंदिराचं सभागृह, किंवा अभ्यासिकेचीच चर्चेची खोली असेल तर ती. मधल्या वारांची आणि रविवारची जागा एकच असावी. द्वारका चौकातून जावं लागेल अशी जागा संध्याकाळी सातला नको, अर्धा गट तिथेच अडकतो. पंचवटीत नदीजवळची जागा पावसाळ्यात गोदेला पूर आला की बंद पडते, आणि 2027 च्या सिंहस्थात स्नानाच्या दिवसांत त्या बाजूला पोहोचणंच कठीण होईल. पर्यायी जागा पहिल्याच मेसेजमध्ये लिहून ठेवा.

विषय लिहिताना विषयाचं नाव पुरेसं नाही

या पूर्व परीक्षेत चालू घडामोडी, नागरिकशास्त्र, आधुनिक भारताचा आणि विशेषतः महाराष्ट्राचा इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था, सामान्य विज्ञान आणि बुद्धिमापन-अंकगणित असे घटक आहेत. प्रत्येकावर साधारण दहा ते पंधरा प्रश्न पडतात. सगळं चार आठवड्यांत उरकायचं असं लिहिलेला मेसेज दिसायला भारदस्त असतो, पण पाळता येत नाही. चार आठवड्यांच्या एका फेरीत दोन मोठे घटक घ्या, आणि अंकगणित-बुद्धिमापन कायम चालू ठेवा.

प्रत्येक बैठकीचा विषय इतका लहान हवा की त्यावर पंचवीस प्रश्न काढता येतील आणि नव्वद मिनिटांत संपेल. ‘पंचायत राज’ असं लिहू नका, त्याचे तीन तुकडे करा. सोमवारी 73वी घटनादुरुस्ती, अनुच्छेद 243 पासूनचा भाग आणि अकराव्या अनुसूचीतले 29 विषय. बुधवारी वसंतराव नाईक समिती आणि 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम. शुक्रवारी 1958 चा ग्रामपंचायत अधिनियम आणि ग्रामसभा. असं लिहिलं की सोमवारी येणाऱ्याला काय वाचून यायचं ते कळतं, आणि न वाचता आलेला पहिल्या दहा मिनिटांत उघडा पडतो.

सोबत वाचनाचा स्रोत एकच द्या. आठ जण आठ पुस्तकांतून वाचून आले की निम्मी बैठक ‘माझ्या पुस्तकात असं दिलंय’ यात जाते. पाया पक्का करायला राज्य मंडळाची पाठ्यपुस्तकं, त्यावर सगळ्यांनी ठरवलेलं एक संदर्भपुस्तक, आणि महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेसाठी त्या वर्षीचा आर्थिक पाहणी अहवाल. प्रकरण आणि पानं मेसेजमध्ये लिहा.

प्रत्येक बैठकीला एक विषयप्रमुख असतो. तो शिकवत नाही. तो पंचवीस प्रश्न आणतो, त्यातले निम्मे तरी आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतले. नव्वद मिनिटं अशी जातात: पहिली दहा मिनिटं मागच्या बैठकीवरचे दहा प्रश्न, मग पस्तीस मिनिटं विषयातल्या अडचणी, पस्तीस मिनिटं नवे पंचवीस प्रश्न सोडवून चर्चा, शेवटची दहा मिनिटं हजेरी आणि पुढच्या बैठकीचं वाचन. विषयप्रमुखाला यायला जमत नसेल तर त्याने प्रश्न दुपारी बारापर्यंत पाठवायचे, म्हणजे बैठक रद्द होत नाही.

आता एक महत्त्वाची गोष्ट. नियमांचा मेसेज आणि विषयांचा मेसेज वेगळे ठेवा. वेळ, जागा, चाचणी, हजेरी हे चार आठवडे बदलत नाही, म्हणून तो मेसेज ग्रुपमध्ये पिन करा. व्हॉट्सअॅपवर पिन जास्तीत जास्त 30 दिवस राहतो, एका फेरीला तेवढा पुरतो. विषयांचा मेसेज दर रविवारी रात्री नव्याने येतो. दोन्ही एकत्र केले की दर आठवड्याला लांबलचक मेसेज पडतो, तो कुणी वाचत नाही, आणि नियम कधी बदलला यावर वाद होतो.

सराव चाचणी: पेपर कोणता आणि तपासायचा कसा

पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी आयोगाचीच जुनी प्रश्नपत्रिका घ्या. ती आणि तिची उत्तरतालिका आयोगाच्या संकेतस्थळावर, mpsc.gov.in वर, मिळते. तालिका घेताना ‘अंतिम’ शब्द बघून घ्या. आधी पहिली उत्तरतालिका येते, त्यावर हरकती येतात, मग अंतिम तालिकेत काही उत्तरं बदलतात आणि काही प्रश्न रद्द होतात. पहिल्या तालिकेवरून तपासलं तर बरोबर उत्तर चूक ठरतं आणि चुकीची माहिती पाठ होते. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी गटाने स्वतः बनवलेला किंवा बाजारातला एक पेपर चालेल. पेपर आणणाऱ्याने तो आधी पाहिलेला असतो, म्हणून त्याचे गुण त्या दिवशी तक्त्यात धरू नका.

चाचणी देताना प्रत्येकाने प्रश्नपत्रिकेवर एकच खूण करायची: जिथे अंदाजाने उत्तर दिलं तिथे ‘अं’. एवढ्या एका खुणेवर पुढचं सगळं विश्लेषण उभं राहतं.

एका सदस्याचा पेपर घेऊन बघू. त्याने 86 प्रश्न सोडवले. 51 बरोबर, 35 चूक. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, म्हणून 35 चुकांचे 8.75 वजा, हातात 42.25. अशा वेळी गट एकमुखाने सांगतो, ‘अंदाज मारू नकोस’. पण ‘अं’च्या खुणा मोजल्यावर चित्र वेगळं दिसतं. अंदाजाचे प्रश्न 24 होते. त्यातले 4 बरोबर, 20 चूक, म्हणजे 4 मिळाले आणि 5 गेले, तोटा फक्त एका गुणाचा. उरलेल्या 62 प्रश्नांची उत्तरं त्याला येतात असं तो धरून चालला होता, आणि त्यातली 15 चुकली. तिथे 15 गुण मिळायचे राहिले आणि वर 3.75 कापले गेले. खरी गळती तिथे आहे.

अंदाजाचं गणित सगळ्यांना एकदा समजावून सांगा. चार चुकांमध्ये एक गुण जातो, म्हणून पाच अंदाजांत एक बरोबर आला की ना नफा ना तोटा. चारपैकी एक-दोन पर्याय खात्रीने बाद करता येत असतील तर उत्तर द्यावं. एकही बाद होत नसेल तर त्या प्रश्नावर 36 सेकंद घालवण्यापेक्षा पुढे गेलेलं बरं, कारण शेवटचे दहा प्रश्न वाचायचेच राहून जाणं जास्त महागात पडतं.

मग त्या 15 चुका तीन ढिगांत टाकायच्या. या सदस्याच्या सहा चुका वाचण्यातल्या निघाल्या: ‘खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे’ यातलं ‘अयोग्य’ नजरेतून सुटलं. त्यावर वाचन वाढवून उपयोग नाही. पुढच्या चाचणीत अशा शब्दाखाली पेनने रेघ मारायची, एवढाच उपाय, आणि पुढच्या रविवारी हा आकडा घटतो का ते बघायचं. पाच चुका दोन गोष्टींच्या गल्लतीच्या: ग्रामसभा 243 ए, वित्त आयोग 243 आय, राज्य निवडणूक आयोग 243 के, यांची अदलाबदल. अशा जोड्या एका पानावर समोरासमोर लिहून तीन दिवस बघायच्या. उरलेल्या चार चुका चुकीच्या माहितीच्या होत्या. तिथे मूळ पुस्तक उघडून तीच ओळ पुन्हा वाचावी लागते.

हे प्रत्येकाने स्वतःचं केल्यावर गटाचा तक्ता भरायचा. उभा प्रश्नक्रमांक, आडवे आठ सदस्य, चुकलेल्या घरात फुली. एकाच उपघटकातले दोन किंवा जास्त प्रश्न निम्म्याहून अधिक जणांचे चुकले असतील तर तो उपघटक पुढच्या आठवड्यात गटाचा विषय होतो, ठरलेला एक विषय पुढे ढकलून. एक-दोघांचाच चुकला असेल तर तो त्यांचा घरचा अभ्यास, गटाचा वेळ त्यावर जात नाही. गटाचे विषय कुणाच्या आवडीने नव्हे तर या तक्त्यावरून ठरतात, हे मेसेजमध्ये लिहिलेलं असू द्या. नाहीतर बोलका सदस्य आपल्या सोयीचा विषय पुढे रेटतो.

गुणांच्या उतरत्या क्रमाने नावं ग्रुपवर टाकू नका, असं मला मनापासून वाटतं. खालचे दोघे तिसऱ्या रविवारी येत नाहीत. प्रत्येकाने आपली तुलना आपल्याच मागच्या चाचणीशी करायची.

हजेरी: दंड नको, जागा महत्त्वाची

गैरहजेरीला पन्नास-शंभर रुपये दंड ठेवणारे गट खूप आहेत. माझा त्याला विरोध आहे. ज्याला परवडतं तो पैसे टाकून सुट्टी घेतो, आणि ज्याला महिन्याची मेसच जड जाते तो गप्प निघून जातो. पैशाऐवजी गटातली जागा पणाला लावा. गट आठ जणांचाच ठेवायचा आणि बाहेर थांबलेल्यांची यादी ठेवायची. हजेरी पुरी झाली नाही तर पुढच्या फेरीत ती जागा यादीतल्या पहिल्या माणसाला.

आठवड्याला चार बैठका, चार आठवड्यांच्या सोळा. किमान बारा हव्यात, आणि चारपैकी तीन रविवार हवेत. नोंदी चारच: हजर ‘ह’, कळवून गैरहजर ‘क’, न कळवता गैरहजर ‘न’, आणि घरून काम पूर्ण केलं तर ‘पू’. कळवणं म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ग्रुपवर लिहिणं. सहा पन्नासला आलेला ‘आज जमणार नाही’ हा ‘न’ धरायचा.

‘पू’ची गरज सातपूरच्या सदस्यामुळे कळते. दुसरी पाळी असलेल्या दोन आठवड्यांत त्याच्या संध्याकाळच्या सहाही बैठका जातात. सोळातून सहा वजा, दहा उरतात, आणि सगळे रविवार येऊनही तो बाराच्या नियमात बसत नाही. असा नियम प्रामाणिक माणसाला बाहेर काढतो. म्हणून त्या दिवशीचे पंचवीस प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत सोडवून वहीच्या पानाचा फोटो टाकला तर ‘पू’, आणि ‘पू’ हजेरीत धरायचा. शिफ्टवाल्याला फेरीत सहा, बाकीच्यांना दोन. सगळ्यांना सहा दिले तर बैठकीला कुणी येणारच नाही. रविवारला ‘पू’ नाही. मुक्त विद्यापीठाचा पेपर किंवा दुसरी भरती परीक्षा त्याच रविवारी आली, तर प्रवेशपत्र दाखवून तो रविवार मोजणीतून वगळायचा.

हजेरी ग्रुपच्या अॅडमिनने ठेवू नये. ते काम दर फेरीला दुसऱ्याकडे जावं, आणि नोंद बैठक संपतानाच सगळ्यांसमोर व्हावी. महिनाअखेरीस आठवून भरलेल्या हजेरीवर भांडणं होतात.

पूर्ण मेसेज

तारखा, नावं आणि जागा भरून हा मेसेज असाच वापरता येईल:

> *गट-ब पूर्व अभ्यासगट, फेरी 1*
> सोमवार __ ते रविवार __ (चार आठवडे). सदस्य 8.
>
> *बैठका:* सोम, बुध, शुक्र, संध्या. 7 ते 8:30. जागा: __. ती बंद असल्यास: __.
>
> *रविवार:* 10:30 ला जमणे, 10:55 ला दार बंद, 11 ते 12 चाचणी, 12:15 ते 2 विश्लेषण. फोन बंद करून टेबलावर. काळं बॉलपेन आणि पॅड स्वतःचं. अंदाजाच्या प्रश्नावर ‘अं’ लिहायचं. उशिरा आल्यास चाचणी घरी त्याच दिवशी 6 पर्यंत द्यायची, पण रविवारची हजेरी लागणार नाही. विश्लेषणाला बसता येईल.
>
> *पेपर:* रविवार 1 आणि 3 आयोगाचा जुना पेपर, अंतिम उत्तरतालिकेसह. रविवार 2 आणि 4 सराव पेपर. आणणारे: __, __.
>
> *घटक:* या फेरीत नागरिकशास्त्र आणि महाराष्ट्राचा इतिहास. अंकगणिताचे 10 प्रश्न रोज, स्वतः. आठवड्याचे विषय आणि पानं रविवारी रात्री 9 ला. विषय चुकांच्या तक्त्यावरून बदलतील.
>
> *विषयप्रमुख:* 25 प्रश्न आणतील. येता येत नसेल तर प्रश्न दुपारी 12 पर्यंत ग्रुपवर.
>
> *हजेरी:* 16 पैकी 12, रविवार 4 पैकी 3. न येणार असल्यास 5 च्या आत कळवा. ‘न’ जास्तीत जास्त 2. 7:10 नंतर उशीर, तीन उशीर म्हणजे एक ‘न’. घरून पूर्तता: शिफ्टवाले 6, इतर 2. नोंद ठेवणारे: __.
>
> *अट पूर्ण न झाल्यास:* पुढच्या फेरीत जागा प्रतीक्षा यादीतल्या सदस्याला. त्यानंतरच्या फेरीला पुन्हा अर्ज करता येईल.
>
> *सुट्टी:* __ (सण, दुसऱ्या परीक्षा). सुट्टीची बैठक मोजणीत नाही.
>
> वाचून शनिवारी रात्री 9 पर्यंत ‘मान्य’ असं लिहा. अडचण असल्यास त्याआधी ग्रुपवर मांडा. नियम फेरीच्या मध्ये बदलणार नाहीत.

अंगठ्याची खूण मान्यता म्हणून धरू नका, ‘मान्य’ हा शब्दच लिहून घ्या. ज्याने लिहिलं नाही त्याला शनिवारी रात्री फोन करा. बहुतेक वेळा त्याची खरी अडचण असते आणि ती चारचौघांत सांगायची नसते: जागा लांब पडते, घरून परवानगी नाही, मोबाइलचा रिचार्ज संपलाय. पहिली फेरी सुरू व्हायच्या आधी वेळ अर्धा तास पुढे-मागे करणं सोपं असतं. सुट्ट्याही आधीच भरा. रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडतात त्या दिवशी जुन्या नाशकातल्या सदस्याला सातला बोलावण्यात अर्थ नाही.

मोडायला लागल्याची चिन्हं

गट मोडण्याआधी दोन गोष्टी दिसू लागतात. पहिली, मधल्या बैठकांना ‘क’ वाढतात पण रविवारी सगळे येतात. याचा अर्थ वाचन जास्त दिलंय आणि तयारी न झालेले लोक तोंड लपवतायत. पानं कमी करा, वार तसेच ठेवा. दुसरी, रविवारी चाचणीला आठ आणि विश्लेषणाला चार. अशा वेळी रविवारची हजेरी 10:55 ला न घेता दोन वाजता घ्या.

चौथ्या रविवारी विश्लेषणानंतर अर्धा तास जास्त ठेवा. हजेरीचा तक्ता वाचा, बारा न झालेल्यांची नावं आधी त्यांना स्वतंत्रपणे सांगून मग ग्रुपवर टाका, आणि दुसऱ्या फेरीचा मेसेज तिथेच बसून भरा. परीक्षा तीन आठवड्यांवर आली असेल तर नवे घटक घेऊ नका: बुधवारीही पूर्ण पेपर ठेवा, सोमवार-शुक्रवार फक्त चुकांच्या तक्त्यावर बसा, आणि शेवटच्या रविवारी चाचणी न घेता सगळ्यांची प्रवेशपत्रं, ओळखपत्रं आणि केंद्रावर पोहोचायची बस एकदा तपासून घ्या.